अकाउंट्सच्या पहिल्या नोकरीसाठी कव्हर लेटर: बी.कॉम. झालेले फ्रेशर्स वारंवार विचारतात ते प्रश्न

पुण्यातल्या एका ट्रेडिंग कंपनीत मी अकाउंट्स बघतो, आणि ज्युनियरची जागा निघाली की आलेले मेल आधी माझ्याकडेच येतात. ओळखीतली पोरं, त्यांचे मित्र, भावाच्या क्लासमधले असे बरेच जण व्हॉट्सअॅपवर तेच तेच विचारत असतात, म्हणून एकदाच सगळं इथे टाकलंय. प्रश्नांना नंबर दिलेत. एकच गोष्ट दोनदा नको म्हणून मधे मधे ‘अमुक नंबर बघा’ असं लिहिलंय.

१. सीव्ही जोडलाय ना, मग कव्हर लेटर कशाला? कोणी वाचतं का?

मोठ्या कंपनीच्या पोर्टलवर फॉर्म भरताय तर बहुतेक वेळा कोणी वाचत नाही, खरं सांगतो. पण भोसरी, चाकण, मार्केट यार्ड, पेठांमधली सीए ऑफिसं, अशा ठिकाणी जिथे मेल थेट मालकाकडे किंवा अकाउंट्सवाल्याकडे जातो तिथे वाचतात, कारण फ्रेशर्सचे सीव्ही सगळे सारखेच असतात. बी.कॉम., पुणे विद्यापीठ, टॅली, एमएस-सीआयटी, हॉबी क्रिकेट. यातून कोणाला बोलवायचं हे सीव्हीवरून कळतच नाही. मेलमध्ये चार ओळी कामाच्या असतील तर तेवढ्यावरच फोन जातो.

२. किती मोठं लिहू आणि कुठे लिहू, मेलमध्येच की वेगळी पीडीएफ?

मेलच्या बॉडीतच. मोबाईलवर एक-दीड स्क्रीन स्क्रोल करून संपलं पाहिजे, म्हणजे दीडशे ते दोनशे शब्द. बॉडी रिकामी आणि खाली दोन अटॅचमेंट असं आलं की लोक फक्त सीव्ही उघडतात. जाहिरातीत वेगळं लेटर मागितलं असेल तर तोच मजकूर पीडीएफ करून जोडा.

फाईलला नाव नीट द्या. `resume final new (2).pdf` अशी फाईल अकाउंट्सच्या माणसाला दिसली की त्याला तुमची व्हाउचर फाईल कशी असेल ते डोळ्यापुढे येतं. स्वतःचं नाव आणि पोस्टचं नाव, बास.

३. अनुभवच नाहीये तर लिहू काय? सगळे सॅम्पल ‘हार्डवर्किंग, क्विक लर्नर’ असेच आहेत.

हाच सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी समोरचा काय शोधतोय ते बघा. ज्युनियरला पहिल्या सहा महिन्यांत काय काम असतं? परचेस आणि सेल्स बिलांच्या एन्ट्र्या, बँक स्टेटमेंट बुकाशी जुळवणं, पार्टीचं लेजर मागवून आपल्या लेजरशी टॅली करणं, आणि जीएसटीसाठी परचेस रजिस्टर पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बीशी जुळवणं. बॅलन्स शीट फायनल करायला तुम्हाला कोणी बोलवत नाहीये. त्यामुळे वाचणाऱ्याला एवढंच कळायला हवं की या मुलाने किंवा मुलीने यातलं एक तरी काम खऱ्या आकड्यांवर केलंय, आणि फरक आला तेव्हा तो शोधून काढलाय.

म्हणून लेटरमध्ये गुण लिहू नका, एक काम लिहा. कोणाचं काम होतं, साधारण किती बिलं किंवा एन्ट्र्या होत्या, काय जुळलं नाही, का जुळलं नाही आणि मग काय केलं. हे पाच मुद्दे तीन-चार वाक्यांत बसतात आणि तेच तुमचं लेटर. बाकी नमस्कार आणि फोन नंबर.

‘पण मी असं काहीच केलं नाहीये’ असं असेल तर आत्ता करा, आठवडाभर पुरतो. स्वतःच्या किंवा वडिलांच्या बँक खात्याचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट डाउनलोड करा, टॅली प्राईमच्या एज्युकेशनल मोडमध्ये कंपनी उघडा आणि एन्ट्र्या टाका. या मोडमध्ये महिन्यातल्या ठराविकच तारखांना एन्ट्री घेतात, त्यामुळे तारखांची अडचण येते. मग सरळ एक्सेलमध्ये कॅश बुक बनवून जुळवणी केली तरी चालतं. फरक नक्की येईल. चेक दिलाय पण अजून वटला नाही, किंवा बँकेने २३६ रुपये कापले जे तुमच्या बुकात नाहीत, म्हणजे २०० चार्जेस आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३६. असा एक फरक शोधून समजून घेतलात की लिहायला मटेरियल झालं.

घरी दुकान, मामाचं वर्कशॉप किंवा सोसायटीचे खजिनदार ओळखीचे असतील तर अजून चांगलं. सोसायटीच्या मेंटेनन्सची वसुली बँकेशी जुळवायला बहुतेक खजिनदारांना माणूस हवाच असतो, कारण लोक यूपीआयने पैसे टाकतात आणि फ्लॅट नंबरच लिहीत नाहीत.

४. असं लिहिलेलं एखादं खरं लेटर दाखवा ना.

एका मुलीचं दाखवतो, नाव बदलण्यापेक्षा काढूनच टाकलंय. बी.कॉम. झालेली, भोसरीत मामांचं हार्डवेअरचं दुकान, तिथे सुट्टीत बिलांच्या एन्ट्र्या करायची. तिचा पहिला ड्राफ्ट असा होता: ‘मी मेहनती व प्रामाणिक असून मला अकाउंटिंगची आवड आहे. मला टॅली व जीएसटीचे ज्ञान आहे. आपल्या नामांकित कंपनीत संधी मिळाल्यास मी माझे शंभर टक्के योगदान देईन.’

यात चूक काहीच नाही. फक्त हे कोणीही कोणाहीबद्दल लिहू शकतं. ‘जीएसटीचे ज्ञान’ म्हणजे नक्की काय, असं तिला फोनवर विचारलं तर म्हणाली, काही नाही हो, मामांचं परचेस २बीशी जुळवून सीए सरांना पाठवायचे. अगं मग तेच लिही की!

दुसरा ड्राफ्ट तिने इंग्रजीत पाठवला, इथे मराठीत देतोय:

> विषय: अकाउंट्स असिस्टंट पदासाठी अर्ज, बी.कॉम., राहणार भोसरी
>
> नमस्कार,
>
> तुमच्या जाहिरातीत परचेस एन्ट्री आणि जीएसटी जुळवणी ही कामं दिली आहेत. पगारी नोकरीचा अनुभव मला नाही, पण ही दोन्ही कामं मी मामांच्या हार्डवेअर दुकानासाठी एप्रिल ते जून केली आहेत.
>
> महिन्याला साधारण साठ परचेस बिलं टॅली प्राईममध्ये टाकून महिन्याच्या शेवटी ती जीएसटीआर-२बीशी जुळवायचे. मे महिन्यात आमच्या रजिस्टरप्रमाणे क्रेडिट ८१,४०० रुपये होतं आणि २बीमध्ये ७४,२००. फरक ७,२०० चा, तो एकाच ४०,००० रुपयांच्या बिलाचा निघाला. सप्लायर तीन महिन्यांनी रिटर्न भरणारा होता आणि त्याने ते बिल मे महिन्यात अपलोड केलं नव्हतं. बिलाची यादी आणि कारण लिहून मी सीए सरांना पाठवलं, त्यांनी मे मध्ये ७४,२०० च घेतले आणि उरलेले जूनच्या २बीमध्ये आल्यावर घेतले. रिटर्न भरायचं काम त्यांच्याकडे होतं, मी फक्त जुळवणी केली.
>
> टीडीएस आणि पगाराचं काम मी अजून केलेलं नाही. मी लगेच जॉइन होऊ शकते. सीव्ही सोबत जोडला आहे.
>
> आपली विश्वासू,
> नाव, मोबाईल नंबर

यात वाचणाऱ्याला काय काय दिसतं ते सांगतो. ४०,००० वर १८ टक्के म्हणजे ७,२००, आणि ८१,४०० वजा ७४,२०० पण ७,२००, म्हणजे आकडे एकमेकांशी जुळतात. अकाउंट्सचा माणूस वाचता वाचता हे डोक्यात करतोच, सवयच असते. तिला हेही माहितीये की बिल आपल्याकडे आहे म्हणून क्रेडिट मिळत नाही, ते २बीमध्ये दिसावं लागतं. आणि सगळ्यात आवडलं ते ‘रिटर्न त्यांच्याकडे होतं, मी फक्त जुळवणी केली’ आणि ‘टीडीएस केलेलं नाही’ ही दोन वाक्यं. आपली हद्द कुठे संपते हे सांगणारा ज्युनियर मिळाला तर त्याच्या बाकीच्या गोष्टींवर विश्वास बसतो, नाहीतर ‘जीएसटी रिटर्न फायलिंग येतं’ असं ठोकून देणारे ढिगाने आहेत.

हे लेटर कॉपी करून पाठवू नका प्लीज, आकडे तुमचे नसतील तर दुसऱ्याच प्रश्नाला अडकाल. तो कुठला ते १३ मध्ये आहे.

५. मामाच्या दुकानात केलेलं काम ‘अनुभव’ म्हणून लिहायचं का? पगार तर नव्हता.

काम म्हणून लिहा, नोकरी म्हणून नको. सीव्हीत ‘अकाउंटंट, अमुक ट्रेडर्स, एप्रिल ते जून’ असं लिहिलंत की पुढे अनुभवाचं सर्टिफिकेट आणि पगाराची स्लिप मागतात आणि मग गडबड होते. ‘नातेवाईकांच्या दुकानाचं काम, बिनपगारी’ असं स्पष्ट लिहा, त्यात कमीपणा काही नाही, चाळीस हजाराचं बिल मामाचं असो की मोठ्या कंपनीचं, जुळवायची पद्धत तीच.

६. टॅलीचं सर्टिफिकेट आहे, त्यावर जोर देऊ का?

एक ओळ पुरे, तीही कामाला जोडून. ‘टॅली प्राईम येतं’ यापेक्षा ‘टॅलीत बँक रिकन्सिलिएशन केलंय, डेबिट नोट टाकता येते’ हे जास्त सांगून जातं. एक्सेलचंही तसंच. ‘अॅडव्हान्स एक्सेल’ लिहिणारे निम्मे लोक इंटरव्ह्यूत `VLOOKUP` ला अडकतात. साठ बिलांचं रजिस्टर आणि २बीची शीट समोर ठेवून `SUMIFS` ने पार्टीप्रमाणे बेरजा काढल्या असतील तर तेवढंच लिहा.

७. जाहिरातीत ‘किमान १ वर्ष अनुभव’ लिहिलंय, तरी पाठवू का?

एक वर्ष असेल तर पाठवा, तीन वर्षं असेल तर नको. एक वर्ष लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा एवढंच हवं असतं की डेबिट-क्रेडिट पहिल्यापासून शिकवायला लागू नये. पण ती अट दिसलीच नाही असं दाखवू नका, दुसऱ्याच वाक्यात सांगून टाका, वरच्या लेटरमध्ये तिने सांगितलंय तसं. ‘अनुभव नसला तरी’ म्हणून माफी मागत तीन ओळी घालवायच्या नाहीत. एकदा सांगायचं आणि पुढे जायचं.

८. इंग्रजीत लिहायचं की मराठीत? माझं इंग्रजी कच्चं आहे.

जाहिरात ज्या भाषेत तिच्यात. पुण्यात कंपन्यांच्या बहुतेक जाहिराती इंग्रजीत असतात तर इंग्रजी. पतसंस्था, सहकारी सोसायट्या, काही व्यापारी यांच्या जाहिराती मराठीत येतात, तिथे मराठीत बिनधास्त लिहा.

इंग्रजी कच्चं असेल तर छोटी वाक्यं लिहा, आठ-दहा शब्दांची, भूतकाळात. मी हे केलं, हा फरक आला, हे कारण निघालं. अकाउंट्सचं इंग्रजी तसं सोपंच आहे, अर्धे शब्द तर आपण मराठीत बोलतानाही तेच वापरतो. नेटवरून उचललेली भारी वाक्यं लगेच कळतात, कारण पुढची ओळ तुमची असते आणि दोन्हींचा मेळच बसत नाही. आणि लाखाच्या ठिकाणी मिलियन लिहू नका, आकडे आपल्याकडच्या स्वल्पविरामाने, १,२५,०००.

९. कोणाच्या नावाने लिहू? नाव माहीत नसेल तर?

जाहिरातीत नाव असेल तर ते, आडनावासकट आणि स्पेलिंग तपासून. नसेल तर सरळ ‘सर/मॅडम’. मागच्या अर्जातलं दुसऱ्या कंपनीचं नाव तसंच राहिलंय असे मेल दर वेळी येतात, आणि हा अर्ज एन्ट्रीच्या कामाचा असल्यामुळे तिथेच विषय संपतो. पाठवायच्या आधी कंपनीचं नाव, पोस्टचं नाव आणि अटॅचमेंट एवढं तरी बघा.

१०. सीए ऑफिस आणि कंपनी, दोघांना एकच लेटर चालेल का?

नाही. कंपनीत एकाच धंद्याची बुकं वर्षभर बघायची असतात, त्यामुळे जाहिरातीतलं काम आणि तुमचं काम जुळलं की झालं. सीए ऑफिसात मात्र वीस-तीस क्लायंटची बुकं असतात, कोणाचं मेडिकल, कोणाचं वर्कशॉप, आणि बिलं पिशवीतून येतात, हे अक्षरशः. तिथे वेगवेगळ्या प्रकारचे कागद हाताळल्याचं सांगता आलं तर बघा, आणि जुलै ते ऑक्टोबर रिटर्न आणि ऑडिटचा सीझन असतो तेव्हा उशिरापर्यंत थांबता येईल का हेही लिहा.

अजून एक, सीए ऑफिसला लिहिताना पहिल्याच ओळीत सांगा की आर्टिकलशिपसाठी नाही, असिस्टंटच्या नोकरीसाठी अर्ज आहे. दोन्हीचे मेल एकाच इनबॉक्समध्ये येतात आणि गल्लत होते. सीए इंटर करत असाल तर ते लपवू नका, नाहीतर परीक्षेच्या सुट्टीचा विषय निघाला की कटकट होते.

११. मार्क कमी आहेत, एटीकेटी लागली होती, एक वर्ष गॅप आहे. लेटरमध्ये लिहू का?

मार्क आणि एटीकेटी सीव्हीत किंवा मार्कशीटवर दिसतातच, आता सगळे विषय सुटले असतील तर लेटरमध्ये काढायची गरज नाही. गॅप असेल तर एका वाक्यात, कारणासकट, ‘सीए फाउंडेशनची तयारी केली, आता नोकरी करायची आहे’ एवढंच. घरच्या अडचणींचा पूर्ण इतिहास नको.

शेवटच्या सेमिस्टरचा निकाल यायचाय असं असेल तर मात्र लिहायलाच पाहिजे. ‘बी.कॉम.’ म्हणून लिहिलं आणि जॉइनिंगला मार्कशीट नाही, हे खोटं धरलं जातं. ‘परीक्षा दिली आहे, निकाल बाकी’ असं लिहिलं तर बरेच जण थांबायला तयार असतात. फक्त एखादा विषय राहिलाय आणि तुम्हाला ते माहितीये, तर ‘निकाल बाकी’ मागे लपू नका.

१२. पगार किती अपेक्षित ते लिहायचं का?

विचारलं नसेल तर नाही. विचारलं असेल तर आकडा लिहा, ‘कंपनीच्या नियमाप्रमाणे’ लिहिलं की प्रश्न टाळल्यासारखं वाटतं. आकडा ठरवताना जायचा-यायचा खर्च धरा. कोथरूडहून चाकणला रोज जायचं तर पगारातला चांगलाच भाग आणि दिवसाचे दोन-तीन तास जातात, आणि मालकालाही तीच भीती असते की हा दोन महिन्यात सोडणार. लांब राहत असाल तर कसे येणार तेही एका ओळीत लिहा, त्या मुलीने विषयातच ‘राहणार भोसरी’ का लिहिलं ते आता कळलं असेल.

१३. लेटरमध्ये लिहिलेलं इंटरव्ह्यूत विचारतील का?

तेच विचारतील. ४ मधलं लेटर घेऊन आलात तर मी हे विचारीन: मग ते ४०,००० चं बिल मे च्या बुकात ठेवलं की काढलं? बुकात राहतं, कारण खरेदी मे मध्येच झाली, फक्त क्रेडिट पुढे गेलं. मे ची २बी कधी आली? १४ जूनला. मग २० जूनपर्यंत भरायच्या जीएसटीआर-३बी रिटर्नमध्ये किती घेतलं? आणि समजा सप्लायरने ते बिल जूनमध्येही टाकलं नसतं तर? तेव्हा आधी त्याला फोन करायचा, त्याने आपला जीएसटी नंबर चुकीचा टाकलाय का ते विचारायचं. ते बिल चुकून बिननंबरच्या गिऱ्हाईकाच्या खात्यात दाखवलंय का तेही बघायचं, तसं झालं असेल तर आपल्या २बीत ते कधीच येणार नाही, त्याने दुरुस्ती केल्याशिवाय.

हे सगळं पाठ करून येत नाही. ज्याने स्वतः बिल शोधलंय तो दोन सेकंदात सांगतो, ज्याने कॉपी केलंय तो ‘जीएसटीचं सॉफ्टवेअर करायचं ते’ म्हणतो.

१४. दुकानाचे किंवा सोसायटीचे खरे आकडे लेटरमध्ये टाकणं बरोबर आहे का?

चांगला प्रश्न, फार कमी लोक विचारतात. मालकाची परवानगी घ्या, आणि दुकानाचं, सप्लायरचं, फ्लॅटधारकांचं नाव, जीएसटी नंबर, बँक खात्याचा नंबर काहीही येऊ देऊ नका. आकडेही हवे तर बदला, पण सगळे एका प्रमाणात बदला म्हणजे हिशोब जुळत राहील, आणि बदललेत तर लेटरमध्ये ‘आकडे बदललेले आहेत’ असं लिहा. एका पोराने पुरावा म्हणून दुकानाचा अख्खा टॅली बॅकअपच मेलला जोडला होता. मी तो उघडलाही नाही आणि त्याला बोलावलंही नाही, उद्या आमचाही असाच कुठेतरी पाठवेल.

१५. मेल पाठवला, उत्तर नाही. फोन कधी करू?

पाच-सहा कामाचे दिवस जाऊ द्या, पण तारीख बघून. ७ ला टीडीएस भरायचा असतो, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी, त्यामुळे या तारखांना आणि आदल्या दिवशी अकाउंट्समध्ये कोणी धड बोलत नाही. मार्च एंडला तर नकोच. २२ ते २६ च्या मधे, दुपारी जेवणानंतर फोन केलात तर माणूस जरा निवांत सापडतो. फोनवर ‘माझा अर्ज पोचला का’ एवढं विचारा, मेलची तारीख आणि विषय सांगा म्हणजे त्याला शोधता येईल. फोनही उचलला नाही तर त्याच मेलवर दोन ओळींचं रिप्लाय करा, नवा मेल नको, म्हणजे जुनं लेटर खाली दिसत राहतं.